दूध संकलन ॲप : माझ्यानंतर हा फोन उचलणाऱ्यासाठी

या महिनाअखेरीस मी हे काम सोडतोय. शाहूपुरीतल्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन आता तुझ्याकडे येईल. तो पहिल्यांदा वाजेल सकाळी साडेसहाच्या सुमारास, आणि पलीकडून कुणी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सांगेल, "काय ओ साहेब, काटाच घेईना झालाय ह्यो, हितं चाळीस माणूस उभं हाय." त्या वेळी तुझ्या हाताशी काय असावं, ते इथं लिहून ठेवतोय. ॲप कसं चालतं हे मॅन्युअलमध्ये आहे. ते कसं बिघडतं, हे मात्र आजवर फक्त माझ्या डोक्यात होतं.

आपले ग्राहक म्हणजे करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, गगनबावडा भागातल्या गावच्या दूध संस्था. प्रत्येक ठिकाणी मांडणी जवळपास सारखीच. एक कॉम्प्युटर, त्याला वायरने जोडलेला वजनकाटा आणि फॅट मशीन, पावतीचा छोटा प्रिंटर, आणि समोर सेक्रेटरी. दूध सकाळी आणि संध्याकाळी, दीड-दोन तासांत घ्यायचं असतं. संघाची गाडी ठरल्या वेळी येते आणि थांबत नाही. दहा दिवसांनी बिल निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. आपल्याकडच्या तक्रारींचं वेळापत्रकही याच दोन गोष्टींवर चालतं. काटा आणि मशीनचे फोन संकलनाच्या वेळी येतात. दराचे आणि हरवलेल्या दुधाचे फोन ११, २१ आणि १ तारखेला येतात.

रांग आधी

संकलन चालू असताना बिघाडाचं मूळ शोधत बसू नकोस. पहिल्या दोन महिन्यांत मी हेच करायचो. एनीडेस्कनं त्यांचा कॉम्प्युटर इथून उघडून ड्रायव्हर तपासत बसायचो, आणि तिकडं माणसं कॅन घेऊन ताटकळत उभी. एका सेक्रेटरीनं मला फोनवर ऐकवलं, "तुमचं संशोधन चालू द्या, दूध नासंपर्यंत." त्यांचं बरोबर होतं.

म्हणून काट्याचा किंवा मशीनचा फोन आला, की पहिलं काम एकच: त्यांना हाताने नोंदीवर ने. ॲपमध्ये F8 दाबलं की वजन, फॅट आणि सीएलआर, म्हणजे दुधाच्या घनतेचा आकडा, यांचे चौकोन लिहिण्यासाठी उघडतात. काट्याच्या आणि मशीनच्या डिस्प्लेवरचे आकडे बघून टाकायचे. रांग हलू लागली की मग वायरकडे वळ. एक काळजी मात्र घे. काटा दाखवतो किलो, आणि बिल होतं लिटरवर. वायरने आलेलं वजन ॲप स्वतः १.०३ ने भागतं, पण F8 च्या चौकोनात आकडा जसा टाकला तसाच धरला जातो. काट्यावर १० किलो असेल तर तिथं ९.७ टाकायला हवं. हे सांगायला विसरलास, की त्या सकाळच्या प्रत्येक नोंदीत तीन टक्के दूध वाढतं आणि दहा दिवसांनी संस्थेची तूट येते. मी दोनदा विसरलोय. सोपा उपाय म्हणजे चौकोनाशेजारचं 'किलो' बटण दाबायला सांगायचं, पण घाईत ते कुणालाच दिसत नाही.

काटा येईना

सगळ्यात जास्त फोन याचेच. आणि दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं: कुणीतरी काट्याची यूएसबी वायर काढून दुसऱ्या खाचेत लावलेली असते. झाडताना, मोबाईल चार्ज करताना, पोराला पेनड्राइव्ह लावायचा होता म्हणून.

हे का होतं ते समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. काटा जुन्या पद्धतीच्या सीरिअल वायरने बोलतो आणि कॉम्प्युटरला ती खाचच नसते. म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लागतो. आपल्या संस्थांमधले बहुतेक कन्व्हर्टर CH340 चिपचे. या चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज तिला खाचेवरून ओळखतं. डावीकडच्या खाचेत तिचा पोर्ट नंबर COM3 असेल, तर उजवीकडच्या खाचेत तिला COM5 मिळतो. ॲप मात्र COM3 वरच कान लावून बसलेलं असतं.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न: "काल संध्याकाळनंतर कुणी वायर काढली होती का?" उत्तर नेहमी 'नाही' असतं. तरी विचार, कारण मागून कुणीतरी 'मी काढलीती' म्हणतं. जुनी खाच आठवत असेल तर वायर परत तिथं लावून ॲप बंद-चालू केलं की झालं. आठवत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच लिही:

```
mode
```

सध्या जोडलेली COM पोर्ट दिसतात. तो नंबर ॲपच्या सेटिंगमध्ये टाक. मी आता प्रत्येक नव्या संस्थेत जाताना लाल नेलपॉलिश नेतो आणि खाच व वायर दोन्हीवर ठिपका देतो. बायकोनं एकदा बॅगेत बाटली बघितली तेव्हा खुलासा करावा लागला, पण त्या गावांतून याचे फोन येणं जवळपास थांबलं.

पोर्ट बरोबर आहे, तरी वजन येत नाही, असंही होतं. अशा वेळी दोष वायरचा, सेटिंगचा की ॲपचा, हे अंदाजाने ठरवू नकोस. पोर्टवर काय येतंय ते थेट दाखवणारं PuTTY प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकून ठेवलंय. आधी आपलं ॲप पूर्ण बंद कर, कारण एका वेळी एकच प्रोग्रॅम पोर्ट उघडू शकतो. मग PuTTY मध्ये Serial निवड, पोर्टचा नंबर दे, वेग ९६०० ठेव आणि कुणाला तरी काट्यावर रिकामा कॅन ठेवायला सांग. आता पडद्याकडे बघ.

आकडे स्वच्छ वाहत असतील तर वायर आणि काटा ठीक, दोष आपल्या सेटिंगमध्ये. अगम्य चिन्हं येत असतील तर वेग जुळत नाही. काही जुने काटे २४०० वर बोलतात, तो टाकून बघ. काट्याची बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही काटे आपला वेग विसरून मूळ सेटिंगवर जातात, त्यामुळे 'कालपर्यंत चालत होतं' हे खरंही असू शकतं. काहीच येत नसेल तर वायर, जोड किंवा काट्याचं आउटपुट बंद. आणि पोर्ट उघडतच नसेल, तर बहुधा आपलंच ॲप मागे दुसऱ्यांदा उघडं आहे. ते हळू उघडतं म्हणून लोक चिन्हावर तीन-चारदा टकटक करतात. Task Manager मधून जादाची प्रत बंद कर.

एक खोड PL2303 चिपच्या कन्व्हर्टरची. बाजारात या चिपच्या नकला भरपूर आहेत. विंडोज अपडेट झालं की नवा ड्रायव्हर येतो आणि तो जुन्या किंवा नकली चिपशी बोलायला नकार देतो. Device Manager मध्ये त्यावर पिवळा त्रिकोण येतो, आणि कधी नावाच्या जागी थेट PHASED OUT SINCE 2012 असं लिहिलेलं दिसतं. तात्पुरता उपाय म्हणजे Update driver, मग Browse my computer, मग Let me pick from a list, आणि यादीतला जुना ड्रायव्हर निवडणं. काटा लगेच सुरू होतो. पण पुढच्या अपडेटला परत हेच. त्यामुळे तेवढा दिवस काढ आणि पुढच्या फेरीत कन्व्हर्टरच बदल. तीनशे-चारशे रुपयांसाठी दर महिन्याला सकाळी साडेसहाला उठण्यात अर्थ नाही.

आणि 'बंद करून चालू करा' सांगताना एवढं ध्यानात ठेव: Shut down करून परत चालू केलं, तर Fast Startup मुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आतला भाग झोपवून ठेवतं, आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला उठतो. Restart सांग. शब्द नीट उच्चारून सांग, कारण त्यांच्या लेखी दोन्ही एकच.

तारीख मागे जाते

हा बिघाड तुला नीट समजायला हवा. बाकीच्यांत रांग थांबते, यात रांग अगदी सुरळीत चालते आणि दूध गायब होतं.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्यासारखी एक छोटी बॅटरी असते, CR2032. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं एवढंच तिचं काम. ती संपली, की वीज असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. पावसाळ्यात रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, की घड्याळ थेट मूळ तारखेवर जातं. कुठल्या कॉम्प्युटरवर १ जानेवारी २०१९, कुठल्यावर आणखी मागची. इंटरनेट असेल तर विंडोज कधी कधी स्वतः सावरतं. राधानगरी आणि गगनबावड्याकडे पावसात लाईट आणि नेट दोन्ही एकदम जातात, म्हणून हे तिकडचंच दुखणं.

आपलं ॲप तारीख आणि सत्र कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतं. दुपारी बाराच्या आधी सकाळ, नंतर संध्याकाळ. चूक आपल्याच रचनेची आहे. मी दोनदा लिहून दिलंय की मागच्या नोंदीपेक्षा जुनी तारीख आली तर ॲपनं थांबून विचारावं. तू तिसऱ्यांदा लिही.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण सांगतो. राधानगरी भागातली संस्था, जुलै २०२५. तेराच्या रात्री लाईट गेली. १४ तारखेला सकाळी कॉम्प्युटर उघडला तो १ जानेवारी २०१९ ला, रात्रीच्या बारावर. ६४ जणांचं दूध घेतलं. पावतीवर तारीख चुकीची छापली, पण पावती कोण वाचतंय, लोक लिटर आणि फॅट बघतात. काम झाल्यावर सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरी मेलेली, त्यामुळे संध्याकाळी कॉम्प्युटर परत १ जानेवारी २०१९, परत रात्रीचे बारा. म्हणजे ॲपच्या दृष्टीनं तीच तारीख आणि तीच सकाळ.

संध्याकाळी ६१ जण आले. पहिल्याचा कोड टाकला, तर ॲप म्हणालं, 'या सत्रात नोंद आहे, बेरीज करू का?' हा प्रश्न रोजचाच. दोन कॅन आणणाऱ्यांसाठी तो ठेवलाय. त्यांनी 'होय' दाबलं आणि पुढं दाबतच गेले. १५ तारखेला सेक्रेटरींच्या मुलानं तारीख हाताने दुरुस्त केली आणि सगळं परत नीट चालू झालं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. २०१९ च्या नोंदी सर्व्हरनं घेतल्या नाहीत, कारण ते बिल केव्हाच बंद झालेलं. त्या 'प्रलंबित'मध्ये पडून राहिल्या. २१ ला बिल वाटलं, तेव्हा एका म्हातारबाबांनी वहीतला हिशेब पुढं केला: "माझं चौदा तारखंचं दोन्ही टायमाचं दूध कुठं गेलं?"

मी बघितलं तेव्हा १ जानेवारी २०१९ खाली ६६ नोंदी होत्या. घाईत तारीख बदलली असती, तर सगळं दूध १४ जुलैच्या सकाळी पडलं असतं. पण ६६ हा आकडाच खटकत होता, कारण त्या संस्थेत एका वेळी पासष्टच्या वर कुणी येत नाही. हिशेब असा निघाला: सकाळचे ६४ आणि संध्याकाळचे ६१ मिळून १२५. त्यांतले ५९ जण दोन्ही वेळचे, त्यांच्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या. ५ फक्त सकाळचे, २ फक्त संध्याकाळचे. मिसळलेल्या नोंदीत लिटरची बेरीज आणि फॅटची सरासरी झालेली असते, त्यामुळे तिच्यावरून मूळ आकडे परत काढता येत नाहीत.

वाचवलं ते कच्च्या वजनांच्या तक्त्यानं. ॲप प्रत्येक वजन `vajan` नावाच्या तक्त्यात वेगळं टिपून ठेवतं आणि ते कधी मिसळत नाही. ते असं बघायचं:

```sql
SELECT id, code, vel, litre FROM vajan
WHERE tarikh='2019-01-01' ORDER BY id;
```

`id` चढतच जातो, घड्याळ काहीही म्हणो. `vel` मात्र ००:०४ पासून ०१:३८ पर्यंत चढला आणि पुढच्याच ओळीला परत ००:०३ झाला. सकाळ तिथं संपली. त्या प्रकरणात सकाळ ४१२०१ ते ४१२६४ आणि संध्याकाळ ४१२६५ ते ४१३२५ अशी होती. मोजून बघ, ६४ आणि ६१. असा मेळ बसल्याशिवाय पुढं जायचं नाही.

काहीही बदलण्याआधी बॅकअप घे. फाइल नुसती कॉपी करू नकोस. आपला डेटा SQLite मध्ये आहे आणि ताज्या नोंदी कधी कधी शेजारच्या `-wal` फाइलमध्ये असतात. एकटी मुख्य फाइल उचललीस तर त्या मागे राहतात. ॲप बंद करून sqlite3 मधून हे दे:

```
.backup D:/backup/durusti.db
```

मग तारीख आणि सत्र:

```sql
BEGIN;
UPDATE vajan SET tarikh='2025-07-14', satra='M'
WHERE id BETWEEN 41201 AND 41264;
SELECT changes();
UPDATE vajan SET tarikh='2025-07-14', satra='E'
WHERE id BETWEEN 41265 AND 41325;
SELECT changes();
```

पहिल्यानं ६४ आणि दुसऱ्यानं ६१ दाखवलं तर `COMMIT;`, नाहीतर `ROLLBACK;`. त्यानंतर ॲपमध्ये 'सत्र पुन्हा बांधा' हे बटण १४ च्या सकाळ आणि संध्याकाळ दोन्हींसाठी दाब. त्यानं कच्च्या वजनांवरून नोंदी नव्यानं तयार होतात. २०१९ च्या मिसळलेल्या नोंदी सगळ्यात शेवटी काढ, आणि त्याआधी १४ तारखेचे एकूण लिटर संघाच्या गाडीच्या पावतीशी ताडून बघ. आमचा फरक तीन लिटरचा आला. सांडणं, चव, मापातला फरक धरून तेवढा रोजच असतो. दुसऱ्या दिवशी पुरवणी बिल निघालं. म्हातारबाबांच्या वहीतला आकडा आणि आपला आकडा दशांशापर्यंत जुळला.

घड्याळ दुरुस्त करायची एक अडचण. अशा वेळी फोनवर हॉटस्पॉट लावून, कमांड प्रॉम्प्ट Run as administrator ने उघडून हे चालवतात:

```
net start w32time
w32tm /resync
```

पण घड्याळ काही वर्षं मागे असेल तर विंडोज नकार देतं, बदल फार मोठा आहे म्हणून. आधी तारीख आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर कर, मगच resync. हाताने करताना AM आणि PM नीट बघायला सांग. संध्याकाळचे साडेसहा AM झाले की दूध पुन्हा सकाळच्या सत्रात आणि वरची कथा पहिल्यापासून. काही जण वेळ जुळवण्यासाठी टाइम झोनच बदलून टाकतात. तो UTC+05:30 आहे ना, हे एकदा बघून घे.

लांबून हा बिघाड ओळखायची खूण म्हणजे 'नेट आहे, पण सिंक होत नाही' ही तक्रार. घड्याळ मागे असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला 'अजून लागू न झालेलं' वाटतं आणि जोडणीच तुटते. ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडायला सांग. NET::ERR_CERT_DATE_INVALID आलं, तर नेटवाल्याला फोन करायची गरज नाही. उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांग. मी पावसाळ्यात तर प्रत्येक फोनची सुरुवातच "आज तुमच्या कॉम्प्युटरवर तारीख काय दिसते?" अशी करतो.

मशीन एक सांगतं, ॲप दुसरं

दराच्या भांडणात खरा बिघाड सगळ्यात कमी असतो आणि सगळ्यात जास्त आवाज असतो. उत्पादकाला मशीनच्या पडद्यावर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक, एक दिसतो आणि पावतीवर दुसरा. तो म्हणतो फसवणूक. कारण बहुधा सूत्रातला एक आकडा असतो.

एसएनएफ मोजला जात नाही, काढला जातो: सीएलआरला चारने भागायचं, त्यात फॅटचा ठरावीक अंश आणि एक ठरावीक आकडा मिळवायचा. हे ठरावीक आकडे सगळीकडे सारखे नाहीत. समजा म्हशीच्या दुधाचं फॅट ६.० आणि सीएलआर २८. मशीनमध्ये फॅटचा अंश ०.२० आणि स्थिरांक ०.३६ असेल, तर ७ अधिक १.२० अधिक ०.३६, म्हणजे ८.५६. ॲपमध्ये अंश ०.२१ असेल तर ८.६२. फरक नगण्य वाटतो. पण दरपत्रक ०.१ च्या पायऱ्यांचं आहे, आणि पुढचा दशांश तोडला तर एकाचा ८.५ होतो आणि दुसऱ्याचा ८.६. दराची एक पूर्ण पायरी बदलली. दोन्ही जवळच्या दशांशाला नेले असते तर दोन्ही ८.६ च आले असते आणि भांडण झालंच नसतं.

तेव्हा तक्रार आली की पावतीवरचे फॅट आणि सीएलआर घेऊन कागदावर दोन्ही प्रकारे गणित कर, आणि संस्थेचं दूध ज्या संघाला जातं त्याच्या परिपत्रकात कुठलं सूत्र आहे ते सेक्रेटरींकडून मागव. आपल्याला बरोबर वाटणारं सूत्र टाकायचं नाही. ॲप आणि मशीन दोन्ही त्या परिपत्रकाप्रमाणे लाव आणि बदल नव्या बिलाच्या पहिल्या सकाळपासूनच कर. बिलाच्या मधे बदललंस तर एकाच बिलात दोन गणितं येतात, आणि ते समजावून सांगायला तुलाच गावात जावं लागतं. मी गेलोय. चहा चांगला मिळतो, बाकी काही नाही.

दर शून्य लागला असेल तर ते वेगळं: त्या फॅट-एसएनएफच्या जोडीची घरं दरपत्रकात रिकामी आहेत. नवं दरपत्रक एक्सेलमधून घेताना शेवटची ओळ सुटते, इतकंच. ओळ भर आणि त्या सत्राला 'पुन्हा दर लावा'.

उरलेलं थोडक्यात

पावती उजवीकडे कापली जाते: प्रिंटर दोन इंची आणि सेटिंग तीन इंची आहे. रुंदी ५७६ ऐवजी ३८४ कर. पावतीवर मराठीच्या जागी चिन्हं येत असतील, तर कुणीतरी छपाई 'मजकूर' वर नेलीय. या छोट्या प्रिंटरना देवनागरी जोडाक्षरं येत नाहीत, म्हणून आपण पावतीचं चित्र करून पाठवतो. 'चित्र' वर परत ने. छपाई जरा हळू होते, हे आधीच सांग.

एसएमएस काही जणांना जातो आणि काहींना कधीच जात नाही: त्यांची नावं बघ. मेसेजच्या मजकुराचा नमुना आधी नोंदवलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक रिकाम्या जागेत ठरावीकच अक्षरं बसतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुढं कंसात 'मळ्यातले' असं सगळं एकाच चौकोनात लिहिलेलं असतं. नाव आखूड कर. नमुन्यातला एखादा स्वल्पविराम बदलला तरी सगळ्यांचेच मेसेज थांबतात, म्हणून सुधारणेच्या मोहात पडून त्या मजकुराला हात लावू नकोस. तो सुधारायचा असेल तर आधी नमुना नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो.

माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात अकरा CR2032, चार CH340 कन्व्हर्टर आणि नेलपॉलिश आहे. घड्याळाच्या बॅटऱ्या बदलायच्या राहिलेल्या संस्थांची यादी त्याच खणात, वहीच्या मागच्या पानावर. सात आहेत, त्यांतल्या तीन गगनबावड्याच्या वाटेवर. त्या जूनच्या आधी उरक, नंतर घाटात गाडी घालून जायची वेळ येते. बॅटरी काढताना यंत्र बंद आणि प्लग बाहेर, आणि नवी बसवल्यावर तारीख लावून एकदा भिंतीवरचं बटण पाच मिनिटं बंद ठेवून बघ. परत चालू केल्यावर तारीख टिकली असेल, तरच यादीतून नाव खोड.